टीमच्या चॅटमधले बॉयलरप्लेट, याक आणि सायकलशेड: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

रत्नागिरी-मालवणकडे डिप्लोमा करून पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या टीममध्ये घरून काम करणारी मुलं-मुली आता बरीच झाली आहेत. कोड त्यांना येतो. अडतं ते चॅटमध्ये. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिहितं, 'ते बॉयलरप्लेट आहे, सोड.' दुसरा म्हणतो, 'आज दिवसभर याक शेव्हिंग.' तिसरा, 'बाइकशेडिंग थांबवू या का?' शब्दकोश उघडला तर बॉयलरचा पत्रा, तिबेटातलं केसाळ जनावर आणि सायकली लावायची शेड एवढंच हाती लागतं.

असे शब्द शेकड्याने आहेत आणि सगळे पाठ करायची गरज नाही. हे तीन मात्र नीट समजून घ्या, कारण समोर जे चाललंय ते कोणत्या प्रकारचं काम आहे आणि तुम्ही पुढे काय करावं, हे त्यांच्यात सांगितलेलं असतं. उदाहरण सगळीकडे एकच घेतो: हापूसच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी घेणारी, पायथन आणि जँगोत लिहिलेली एक छोटी प्रणाली. बागायतदार देवगड-रत्नागिरीला, गिऱ्हाईक मुंबई-पुण्याला, आणि टीम जिथे नेटवर्क मिळेल तिथे.

## हाताशी काय ठेवायचं

- एक साधी टिपणाची फाइल. कागद-पेनही चालेल.
- चॅटमधला शोध. शब्द पडद्यावर `boilerplate`, `yak shaving`, `bikeshedding` असे दिसतात. जुन्या चॅटमध्ये ते शोधून तुमची टीम ते कसे वापरते ते बघा.
- प्रकल्पाचा कोड स्वतःच्या मशीनवर, गिटसकट.
- नवं तिकीट उघडायची परवानगी. ही बरेचदा नव्या माणसाला दिलेली नसते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पहिल्याच दिवशी मागून घ्या, पायरी 3 मध्ये ती लागणार आहे.

## 1. शब्द कशाला लावलाय ते आधी बघा

बॉयलरप्लेट हा शब्द लिहिलेल्या मजकुराला लावतात. याक शेव्हिंग हा एका माणसाच्या चाललेल्या खटाटोपाला आणि बाइकशेडिंग हा अनेकांच्या चर्चेला. एवढं कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. संदेश वाचताना तो कोणत्या संदेशाला उत्तर म्हणून आलाय ते वर जाऊन बघा. नुसती शेवटची ओळ वाचू नका.

इथे एक खड्डा आहे. नव्या माणसाला हे शब्द टोमण्यासारखे लागतात. तुम्ही भाग घेतलेल्या चर्चेला कुणी बाइकशेडिंग म्हटलं तर त्याचा अर्थ चर्चेचा वेळ विषयाच्या वजनापेक्षा जास्त झाला, इतकाच असतो. आणि 'मी सकाळपासून याक शेव्हिंग करतोय' हे तर बहुतेक वेळा अनुभवी माणूसच स्वतःबद्दल लिहितो. ती तक्रारही नव्हे आणि मदतीची हाकही नव्हे. काम पुढे का सरकलं नाही, याची ती खबर आहे.

## 2. बॉयलरप्लेट: काय जसंच्या तसं ठेवायचं आणि काय नाही

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत गावोगावच्या छोट्या वर्तमानपत्रांना तयार मजकुराचे धातूचे ठसे पुरवले जात. ठसा आला तसा छापायचा, त्यात बदल करता येत नसे. त्या ठशांना बॉयलरप्लेट म्हणू लागले. पुढे वकिलांच्या करारनाम्यांतल्या ठरावीक कलमांना तेच नाव पडलं आणि मग प्रत्येक प्रकल्पात थोड्याफार फरकाने तसाच येणाऱ्या कोडला. लग्नपत्रिकेच्या वरच्या ओळी आठवा. 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न' छापखान्यात तयारच असतं. वधूवरांची नावं आणि मुहूर्त तेवढा आपण द्यायचा.

चॅटमध्ये हा शब्द दोन वेगळ्या सूचना घेऊन येतो. 'हे बॉयलरप्लेट आहे' असं कोड तपासताना कुणी म्हटलं, तर त्या भागावर तुमचा वेळ घालवू नका, खरा बदल दुसरीकडे आहे. 'जुन्या प्रकल्पातून बॉयलरप्लेट घे' असं म्हटलं, तर सांगाडा उचला आणि त्यात आपलं भरा. धोका या दुसऱ्या सूचनेत आहे, कारण कोणता भाग ठसा आणि कोणता रिकामी जागा हे कोडवर लिहिलेलं नसतं.

जँगोचा नवा प्रकल्प सुरू केला की सेटिंगच्या फाइलमध्ये इतर बऱ्याच ओळींसोबत या तीन आपोआप येतात:

```python
SECRET_KEY = "django-insecure-..."
DEBUG = True
TIME_ZONE = "UTC"
```

दिसायला तिन्ही ठरावीकच, पण तिन्ही बदलायच्या आहेत. पहिली ओळ गुप्त किल्ली आहे. तिच्या आरंभीचा मजकूर 'ही खऱ्या वापरासाठी नाही' असं स्वतःच सांगतो. जुन्या प्रकल्पाची किल्ली नव्यात तशीच आणली, तर एकीकडून फुटलेली किल्ली दोन्हीकडे चालते. दुसऱ्या ओळीमुळे साइटवर चूक झाली की आतला कोड आणि रचना गिऱ्हाइकाच्या पडद्यावर येते.

तिसरी ओळ सगळ्यात गरीब दिसते आणि आपल्याकडे तीच जास्त त्रास देते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. हंगामात पेट्या भरायचं काम पहाटेच सुरू होतं. बागायतदाराने 5 एप्रिलला पहाटे 4:45 ला पेटी रवाना झाल्याची नोंद केली, की त्या क्षणी जागतिक वेळ 4 एप्रिलची रात्र, 23:15 असते. सेटिंग तसंच राहिलं तर पावतीवर 4 तारीख येते. सकाळी साडेपाचनंतरच्या नोंदींची तारीख मात्र बरोबर दिसते. त्यामुळे ऑफिसच्या वेळेत तपासणाऱ्याला चूक सापडतच नाही आणि फोन देवगडहून येतो. इथे `Asia/Kolkata` लिहायचं.

मग ठसा कोणता ते ओळखायचं कसं? त्याच आवृत्तीच्या जँगोत एक कोरा प्रकल्प तयार करा आणि टीमच्या फाइलशी ताडून बघा:

```
django-admin startproject kora
diff kora/kora/settings.py amba/settings.py
```

ज्या ओळी वेगळ्या निघतील त्यांवर कुणीतरी विचार केलेला आहे. त्या का बदलल्या हे विचारण्यासारखं आहे. ज्या ओळी तशाच राहिल्यात त्यांत खरा ठसाही आहे आणि बदलायचं राहून गेलेलंही. त्यातलं थोडं `python manage.py check --deploy` पकडून देतं. किल्ली आणि डीबग दोन्हींवर ते बोट ठेवतं. वेळेच्या ओळीबद्दल ते काही बोलत नाही, ती तुम्हालाच बघावी लागेल.

## 3. याक शेव्हिंग: साखळी लिहून काढा

हा शब्द 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रुजला. एका कार्टून मालिकेतल्या 'याक भादरण्याचा दिवस' या वेडगळ सणावरून तिथल्या मंडळींनी तो उचलला. अर्थ असा: करायचं होतं एक, त्यासाठी दुसरं लागलं, दुसऱ्यासाठी तिसरं, आणि आता तुम्ही जे करताय त्याचा मूळ कामाशी संबंध सांगायचा तर पाच वाक्यं लागतात. साखळीतली प्रत्येक कडी मात्र रास्त असते. म्हणूनच आपण वाट चुकलो हे आतल्या माणसाला उमगत नाही.

आता एक साखळी तपशिलात बघू. तुम्हाला तिकीट मिळालं: पावतीवर पेटीचा आकार छापा, म्हणजे '5 डझन' किंवा '4 डझन'. पावतीची पीडीएफ `fpdf2` नावाच्या पायथन लायब्ररीने बनते. तुम्ही ओळ घातली, पावती काढून बघितली, '5 डझन' नीट आलं. पण वर बागायतदाराच्या पत्त्यात 'रत्नागिरी' मोडलेलं दिसतंय. 'गि'मधली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर आली आहे आणि 'त्न' न जुळता 'त'खाली हलन्त उघडा पडला आहे.

कारण खरं आहे आणि शिकण्यासारखंही. संगणकात 'गि' साठवताना आधी 'ग' आणि मग वेलांटी असाच क्रम असतो. छापताना वेलांटी आधी आणणं, अर्धी अक्षरं जुळवणं, हे वेगळं काम आहे. त्याला टेक्स्ट शेपिंग म्हणतात. `fpdf2` मध्ये ते आपोआप होत नाही. `pdf.set_text_shaping(True)` असं सांगावं लागतं आणि सोबत `uharfbuzz` हे पॅकेज लागतं. तुमच्याकडची `fpdf2` जुनी, तिच्यात ही सोयच नाही. नवी घ्यायला गेलात तर ती मशीनवरच्या पायथन 3.6 वर बसत नाही. म्हणून `pyenv` घेतलं. ते पायथन मूळ कोडपासून बांधतं. बांधून झालं, आणि पॅकेज टाकताना त्रुटी आली. टिपणाच्या फाइलमध्ये हे असं दिसेल:

```
काम: पावतीवर "5 डझन"
  > "रत्नागिरी" मोडतंय, शेपिंग हवं
    > नवी fpdf2 हवी
      > पायथन 3.6 वर बसत नाही, pyenv
        > No module named '_ctypes'
          > libffi-dev टाकून पायथन परत बांधा
```

शेवटची कडीही बरोबर आहे. `libffi-dev` मशीनवर नसताना पायथन बांधलं तर ते बांधून होतं, पण `_ctypes` त्यात येत नाही. ते टाकून पुन्हा बांधलं की चालतं. पण आता दुपार झाली, बांधकाम निम्म्यावर असताना वीज गेली, आणि चॅटमध्ये विचारणा आली, 'डझनचं झालं का?'

अशा वेळी साखळी खालून नव्हे, वरून वाचायची. पहिल्या कडीपाशी थांबा आणि विचारा: मूळ कामाला ही कडी लागतेच का? '5 डझन' या अक्षरांत वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. शेपिंगशिवायही ते नीट छापलं जातं, आणि तुम्ही ते डोळ्यांनी बघितलंही होतं. मग 'रत्नागिरी' कधी मोडलं? तुमचा बदल बाजूला ठेवून जुनी पावती काढा:

```
git stash
# पावती काढून बघा
git stash pop
```

जुन्या पावतीतही ते मोडलेलंच असेल, तर हा दोष तुमच्या आधीपासूनचा आहे. तो सुधारायलाच हवा, फक्त तुमच्या तिकिटात नव्हे.

तेव्हा असं करा. तुमच्या एका ओळीचा बदल पाठवून द्या. मग नवं तिकीट उघडून त्यात तीन गोष्टी लिहा: काय दिसतं (पावतीचं चित्र जोडा), कारण काय, आणि दुरुस्तीला काय लागेल. तिसऱ्या गोष्टीत मुख्य मुद्दा हा की सर्व्हरवरही पायथन 3.6 च असेल, तर तुमच्या लॅपटॉपवर नवं पायथन बसवून गिऱ्हाइकाच्या पावतीत काही फरक पडणार नाही. पायथन बदलायचा निर्णय टीमचा आहे. दिवसभर एकट्याने जे भादरत बसला असतात, ते तुमच्या हातात नव्हतंच.

चॅटमध्ये एवढं पुरे:

> डझनचा बदल पाठवला. पत्त्यात 'रत्नागिरी' मोडतंय, पण ते जुन्या पावतीतही आहे. वेगळं तिकीट केलंय. त्याला सर्व्हरवर नवं पायथन लागेल असं दिसतं.

साखळी हीच, पण तिकीट वेगळं असतं तर? 'पत्त्यातलं गावाचं नाव नीट छापा' असं काम असेल तर शेपिंग, नवी लायब्ररी, नवं पायथन हे सगळं कामच आहे, याक नव्हे. एकच कृती एका तिकिटात फाटा असते आणि दुसऱ्यात मुख्य रस्ता. म्हणून कृती बघून नव्हे, तिकीट बघून ठरवायचं. काही जण कंटाळवाण्या कामालाच याक शेव्हिंग म्हणतात. तो वापर सैल आहे, पण चॅटमध्ये भेटेल.

माझा स्वतःचा दंडक असा, की तिसऱ्या कडीला पोचलात की चॅटमध्ये एक ओळ टाका: मूळ काम काय, आता कुठे आहे, पुढे काय करणार. पाहिजे ते बांधलेलं डॉकर इमेजमध्ये कुणाकडे तरी तयार असतं, किंवा कुणीतरी 'अरे, ते नकोच आपल्याला' म्हणतं. विचारायला संकोच वाटतो, हे खरं आहे. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर परत परत पॅकेजं उतरवण्यापेक्षा ती ओळ स्वस्त पडते.

## 4. बाइकशेडिंग: वजन कुठे आहे ते शोधा

1957 मध्ये ब्रिटिश लेखक सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी एका काल्पनिक समितीची बैठक रंगवली. एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते, कारण तिच्यातलं कुणाला फारसं कळत नाही आणि तसं कबूल करायची कुणाची तयारी नसते. मग येते 350 पौंडांची सायकलशेड. छप्पर कशाचं, मुळात शेड हवीच का, यावर पाऊण तास जातो, कारण शेड सगळ्यांना कळते. 1999 मध्ये फ्रीबीएसडी या संगणक-प्रणालीच्या मंडळींत `sleep` या आज्ञेला अपूर्णांकातले सेकंद चालावेत का, यावर लांबलचक वाद पेटला. तेव्हा पॉल-हेनिंग काम्प या डॅनिश प्रोग्रामरने ही गोष्ट सगळ्यांना सांगून कान टोचले. प्रोग्रामरांच्या तोंडी हा शब्द बसला तो तिथून.

आमच्या पेट्यांच्या प्रणालीत हे कसं दिसेल ते बघा. एक बदल तपासायला आला आहे. त्यात 'नोंदणी करा' हे बटण हिरवं केलंय आणि शिल्लक पेट्या कमी करायचा नवा कोड आहे:

```python
lot = Lot.objects.get(id=7)
if lot.peti > 0:
    lot.peti -= 1
    lot.save()
```

बटणाच्या रंगावर धडाधड संदेश येतात. कच्च्या कैरीचा हिरवा की पिकलेल्या आंब्याचा केशरी, याबद्दल प्रत्येकाला मत आहे, टीमबाहेरच्यांनाही. कोडच्या या चार ओळींवर मात्र एकच संदेश: 'बरं दिसतंय.'

आता वजन कुठे आहे ते बघा. लॉटमध्ये एकच पेटी उरलीय. दादरचं एक आणि कोथरूडचं एक गिऱ्हाईक एकाच क्षणी बटण दाबतं. दोघांच्या विनंत्या 'शिल्लक 1' असं वाचतात, दोघी एक वजा करतात, दोघी शून्य लिहितात. हिशेब बरोबर, पैसे दोघांचे घेतले, पेटी एक. एकट्याने बटण दाबून कितीही वेळा तपासलं तरी हे दिसणार नाही. हंगामाच्या सुरुवातीला, माल कमी आणि मागणी जास्त असताना, ते पहिल्याच दिवशी दिसेल. वाचणं आणि वजा करणं एकाच झटक्यात डेटाबेसकडे सोपवलं की हे टळतं:

```python
from django.db.models import F

n = Lot.objects.filter(id=7, peti__gt=0).update(
    peti=F("peti") - 1)
```

`n` एक आला तर पेटी मिळाली, शून्य आला तर संपली.

अशा चर्चेत नव्याने आलेल्याने काय करावं? 'हे बाइकशेडिंग आहे' असं लिहू नका. ते खरं असलं तरी त्यावर आणखी दहा संदेश येतात, आणि आता वाद 'हे बाइकशेडिंग आहे की नाही' यावर चालतो. त्यापेक्षा रिकाम्या बाजूला प्रश्न टाका: 'दोघांनी एकदम नोंदणी केली तर शिल्लक कशी राहील? मला कळलं नाही.' उत्तर तुम्हाला ठाऊक नसलं तरी चालेल. माणसं आपोआप तिकडे वळतात. रंगाचं ज्याचं तिकीट आहे त्याने ठरवावं. रिकाम्या जागा, अवतरणचिन्हं, ओळींची लांबी यांवरचे वाद तर `black` सारख्या फॉर्मॅटरवर सोपवून कायमचे मिटवता येतात.

उलटा खड्डाही आहे, आणि माझ्या मते तो जास्त खोल. छोटी दिसणारी प्रत्येक गोष्ट सायकलशेड नसते. पावतीवर रवानगीची तारीख `05/04` अशी छापायची की '5 एप्रिल' अशी, हा प्रश्न रंगासारखाच किरकोळ वाटतो. पण `05/04` कुणी 5 एप्रिल वाचेल आणि अमेरिकेत राहणारा मुलगा गावच्या आईसाठी पेटी मागवताना 4 मे वाचेल. आंबा महिनाभर थांबत नाही. नावांचंही तसंच आहे. फंक्शनच्या आतल्या चलाला `n` म्हणा की `peti`, तो शेडचा रंग. पण डेटाबेसमधल्या रकान्याचं नाव, किंवा बाहेरचे लोक वापरतील त्या एपीआयमधलं नाव, उद्या बदलायचं तर दहा ठिकाणी हात घालावा लागतो. पेटी 4 डझनांची आणि 5 डझनांची दोन्ही असताना रकान्याला नुसतं `count` म्हटलं तर तो पेट्यांचा आकडा की आंब्यांचा? त्यावर अर्धा तास गेला तरी तो सत्कारणी लागला.

फरक ओळखायचा तर एकच प्रश्न विचारा: हे आज चुकीचं ठरलं तर नंतर बदलायला किती पडेल? काहीच नाही पडत, तर शेड. गिऱ्हाइकाला फोन करावा लागेल किंवा साठवलेला डेटा फिरवावा लागेल, तर तो अणुभट्टीचाच भाग आहे.

## 5. आजूबाजूचे छोटे शब्द

बाइकशेडिंग टाळायलाच काही खुणा तयार झाल्या आहेत. `nit:` ने सुरू होणारी टिप्पणी म्हणजे बारीकसारीक गोष्ट, केली तर बरं, नाही केली तरी बदल अडणार नाही. नवी माणसं प्रत्येक `nit:` वर सविस्तर खुलासा देत बसतात. पटलं तर बदला, नाही पटलं तर 'राहू दे' म्हणा आणि पुढे जा. `LGTM` म्हणजे 'मला ठीक वाटतंय', बदल मान्य. पण मोठ्या बदलावर मिनिटाभरात आलेलं `LGTM` म्हणजे कुणी वाचलंय असं धरून चालू नका. `WIP` म्हणजे काम चालू आहे, अजून तपासू नका. `blocker` मात्र गंभीर: हे सुटल्याशिवाय बदल पुढे जाणार नाही. याकच्या साखळीत सापडलात तर आपली अडचण `blocker` आहे असं लिहिण्याआधी साखळी वरून एकदा वाचा.

## 6. शब्द कळला नाही तर कसं विचारायचं

खासगीत विचारा किंवा सगळ्यांसमोर, पण तीन गोष्टी सोबत द्या: ज्या संदेशात शब्द आला त्याचा दुवा, तुम्हाला काय अर्थ वाटला, आणि त्यावरून तुम्ही काय करणार आहात. नुसतं 'याक शेव्हिंग म्हणजे काय?' विचारलं तर कुणीतरी व्याख्येचा दुवा चिकटवतं आणि तुम्ही होतात तिथेच राहता. असं लिहा:

> ताई, तुम्ही सेटिंगच्या फाइलला बॉयलरप्लेट म्हणालात. म्हणजे ती मी जुन्या प्रकल्पातून उचलायची, असं समजतोय. गुप्त किल्ली आणि वेळ तेवढी नवी घालतो. बरोबर ना?

यावर 'हो' आलं तर काम सुरू. 'नाही, मी फक्त तपासताना ती सोड म्हणाले' असं आलं तरी फाइल उचलायच्या आधीच कळलं. मिळालेला अर्थ टिपणाच्या फाइलमध्ये टीमच्या वापरासह लिहून ठेवा. दहाबारा शब्द जमले की ती यादी प्रकल्पाच्या `README` मध्ये घालू का, असं विचारा. तुमच्यानंतर रुजू होणाऱ्याला ती पहिल्या दिवशी मिळेल. फक्त तिच्यातल्या शब्दांचा क्रम कसा लावायचा, हे चॅटमध्ये विचारू नका.